रेडिओ एकच स्टेशन कसे निवडतो

रोध, कॉइल आणि कपॅसिटर एकामागोमाग एक, म्हणजे एकसरी जोडले आणि त्या वेटोळ्याला साइन लहरीसारखे चढउतार करणारे व्होल्टेज दिले, की एकसरी आरएलसी परिपथ तयार होतो. व्होल्टेज तेवढेच ठेवून त्याची वारंवारता हळूहळू वाढवत नेली, तर एका ठरावीक वारंवारतेला या परिपथातला प्रवाह एकदम उसळतो आणि तिच्या अलीकडे-पलीकडे झपाट्याने घटतो. याला अनुस्पंदन किंवा रेझोनन्स म्हणतात. प्रवाहाचे हे शिखर नेमके कुठे येते, ते किती टोकदार असते आणि त्याचा पसारा केवढा असतो, हे तीन प्रश्न समजले की हा परिपथ समजला. पहिल्याचे उत्तर अनुस्पंदन वारंवारता, दुसऱ्याचे क्यू, म्हणजे गुणवत्ता गुणांक, आणि तिसऱ्याचे बँडविड्थ. तिन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती कशी गुंतली आहेत हे मध्यम लहरींच्या साध्या रेडिओत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

अशा रेडिओचे मागचे झाकण काढले की आत फेराइटची काळपट कांडी दिसते आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे गुंडाळलेले असतात. ही कॉइलच एरियलचे काम करते. शेजारी गँग कंडेन्सर असतो. ट्यूनिंगची चकती फिरवली की त्याच्या पट्ट्या एकमेकींत शिरतात किंवा बाहेर येतात आणि कपॅसिटन्स कमीजास्त होतो. नकाशात पाहिले तर कॉइल आणि गँग समांतर जोडल्यासारखे वाटतात, आणि पुष्कळ विद्यार्थी तिथेच गोंधळतात. पण येथे व्होल्टेज बाहेरून दोन टोकांना लावलेले नसते. आकाशवाणीच्या लहरीचे चुंबकीय क्षेत्र कांडीतून जाते आणि कॉइलच्या वेढ्यांमध्येच व्होल्टेज निर्माण करते. म्हणजे स्रोत कॉइलच्या आत, तिच्याशी एकसरी बसलेला आहे. तारेचा आणि फेराइटचा रोधही त्याच वाटेवर. प्रवाहाला जायला एकच वाट आहे, म्हणून हा परिपथ एकसरीच ठरतो. त्यातून मिळणारे व्होल्टेज कपॅसिटरच्या दोन टोकांवरून घेतले जाते.

हिशेबासाठी एक कॉइल ठरवून घेऊ. तिचा इंडक्टन्स २०० मायक्रोहेन्री आणि सगळा मिळून रोध १० ओहम. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहरींवरची वारंवारता ७९२ किलोहर्ट्‌झ आहे; ते स्टेशन लावायचे आहे.

कॉइल प्रवाहातल्या बदलाला विरोध करते, त्यामुळे वारंवारता जितकी जास्त तितका तिचा अडथळा जास्त. या अडथळ्याला रिॲक्टन्स म्हणतात आणि तो 2πfL इतका असतो. कपॅसिटरचे उलट आहे. वारंवारता वाढली की त्याला भरायला-रिकामा व्हायला कमी वेळ मिळतो, एकाच व्होल्टेजला त्यातून जास्त प्रवाह वाहतो, आणि त्याचा रिॲक्टन्स 1/(2πfC) या प्रमाणात घटतो. दोन्ही ओहममध्येच मोजतात, पण ते एकमेकांत मिळवायचे नसतात, वजा करायचे असतात. कॉइलवरचे व्होल्टेज प्रवाहाच्या पाव आवर्तन पुढे असते आणि कपॅसिटरवरचे पाव आवर्तन मागे. एकसरी परिपथात दोघांमधून एकच प्रवाह वाहतो, म्हणून ही दोन व्होल्टेजे प्रत्येक क्षणी एकमेकांच्या विरुद्ध दिशेने उभी असतात.

कमी वारंवारतेला कपॅसिटरचा अडथळा वरचढ, जास्त वारंवारतेला कॉइलचा. मधे कुठेतरी दोन्ही बरोबरीत येतात आणि एकमेकांना पुरते खोडतात. ती जागा म्हणजे अनुस्पंदन वारंवारता:

f₀ = 1 / (2π√(LC))

कॉइल आणि कपॅसिटर यांच्यातले विद्युत आंदोलन किती काळात एक फेरी पूर्ण करते, याचे गणित विल्यम थॉमसन यांनी १८५३ मध्ये मांडले होते. तेव्हा रेडिओ तर सोडाच, विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धान्तही अस्तित्वात नव्हता. या सूत्रात रोध कुठेच नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दोष शोधताना ती उपयोगी पडते.

आता ७९२ किलोहर्ट्‌झसाठी गँग किती हवा ते काढता येते. या वारंवारतेला २०० मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा रिॲक्टन्स साधारण ९९५ ओहम येतो. कपॅसिटरचाही तेवढाच हवा, आणि त्यासाठी लागणारा कपॅसिटन्स निघतो २०२ पिकोफॅरड. चकती फिरवणारा माणूस नकळत हाच आकडा शोधत असतो.

बरोबरी झाली की स्रोताला समोर फक्त १० ओहमचा रोध दिसतो. समजा कॉइलमध्ये निर्माण झालेल्या व्होल्टेजचे शिखर १ मिलिव्होल्ट आहे. प्रवाह होईल ०.१ मिलिअँपिअर. हाच प्रवाह कपॅसिटरच्या ९९५ ओहममधून जातो, तेव्हा तिथे ९९.५ मिलिव्होल्ट उभे राहतात. स्रोत एक मिलिव्होल्टचा आणि कपॅसिटरवर त्याच्या जवळजवळ शंभरपट! कॉइलच्या इंडक्टन्सवरही तेवढेच व्होल्टेज असते, पण उलट दिशेचे, त्यामुळे पूर्ण वेटोळ्याच्या बेरजेत ते दिसत नाही. किर्खोफचा नियम कुठेही मोडत नाही. फक्त व्होल्टेजांची बेरीज करताना त्यांची कला, म्हणजे कोण कोणाच्या किती पुढे-मागे आहे हेही धरावे लागते. नुसते आकडे मिळवले की उत्तर चुकते.

शंभरपट व्होल्टेज आले म्हणून ऊर्जा फुकट मिळाली असे मात्र नाही. कपॅसिटर भरलेला असतो तेव्हा ऊर्जा विद्युत क्षेत्रात असते. तो रिकामा होताना प्रवाह वाढतो आणि तीच ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात जाते. पुढच्या पाव आवर्तनात परत कपॅसिटरमध्ये. ही देवाणघेवाण त्या दोघांत चालते, स्रोताला तिचा भार नाही. रोधात उष्णतेच्या रूपाने जेवढी ऊर्जा गळते तेवढीच स्रोताने भरून द्यायची. वरच्या उदाहरणात साठलेली ऊर्जा साधारण एक पिकोज्यूल, म्हणजे ज्यूलचा दशलाखाव्याचा दशलाखावा भाग, आणि एका आवर्तनात गळणारी ऊर्जा तिच्या जेमतेम सोळाव्या हिश्शाइतकी. सुरुवातीच्या काही डझन आवर्तनांत स्रोत थोडी थोडी ऊर्जा घालत जातो, साठा वाढतो, त्याबरोबर गळतीही वाढते, आणि भर व गळती सारखी झाली की प्रवाह स्थिर होतो.

साठा आणि गळती यांचे हे प्रमाण म्हणजेच क्यू. व्याख्या अशी: साठलेल्या ऊर्जेला एका आवर्तनातल्या गळतीने भागून 2π ने गुणायचे. एकसरी परिपथात हे सुटसुटीत होऊन

Q = 2πf₀L / R

असे येते, म्हणजे अनुस्पंदनाच्या वेळचा कॉइलचा रिॲक्टन्स भागिले रोध. ९९५ भागिले १०, म्हणजे ९९.५. व्होल्टेज जितके पट वाढले तोच हा आकडा. क्यूला एकक नाही. ते निव्वळ गुणोत्तर आहे.

या भागाकारातला रोध कुठून आणायचा, इथे बहुतेकांची गाडी अडते. मल्टीमीटर कॉइलला लावला तर तो दोन-तीन ओहम दाखवील आणि क्यू तीनशेच्या पुढे येईल. प्रत्यक्षात तसा तो मिळत नाही. मल्टीमीटर स्थिर प्रवाहाने मोजतो. लाखो हर्ट्‌झला प्रवाह तारेच्या संपूर्ण छेदातून न जाता पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून जातो, जवळजवळच्या वेढ्यांचे क्षेत्र त्याला आणखी एका कडेला लोटते, आणि तांबे असूनही त्याचा मोठा भाग बिनकामाचा राहतो. त्यात फेराइटमध्ये होणारा ऊर्जाव्यय मिळवावा लागतो. हे सगळे मिळून परिणामी रोध ठरतो आणि तो वारंवारतेबरोबर वाढतो. चांगल्या रेडिओतल्या या कॉइलची तार एकसंध नसते, ती याचसाठी. केसासारख्या, स्वतंत्र इनॅमल चढवलेल्या अनेक तारांचा पीळ असतो आणि त्यावर रेशीम किंवा सूत. त्याला लिट्झ वायर म्हणतात. दुरुस्ती करताना यातल्या काही तारा सोल्डरबाहेर राहिल्या तर रेडिओ चालतो, स्टेशनही जागेवर लागते, पण जोर कमी पडतो. साध्या नजरेला काही दिसत नाही, म्हणून हा दोष चिवट.

शिखराच्या पसाऱ्यासाठी कुठेतरी रेघ मारावी लागते, कारण प्रवाह कोणत्याच वारंवारतेला एकदम शून्य होत नाही. रेघ मारली जाते ती शिखराच्या निम्म्या शक्तीवर. शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्या जागी प्रवाह शिखराच्या सुमारे ७१ टक्के असतो. शिखराच्या खाली असा एक बिंदू मिळतो, वर एक. दोघांमधले अंतर म्हणजे बँडविड्थ. या दोन बिंदूंपाशी कॉइल आणि कपॅसिटर यांच्या रिॲक्टन्समधला फरक बरोबर रोधाइतका झालेला असतो आणि प्रवाह व व्होल्टेज यांच्यात ४५ अंशांचे अंतर पडलेले असते. तेवढ्यावरून सूत्र मिळते:

B = R / (2πL) = f₀ / Q

घेतलेल्या कॉइलसाठी बँडविड्थ ७.९६ किलोहर्ट्‌झ येते. ढोबळमानाने ८ म्हणू. निम्म्या शक्तीचे बिंदू ७८८.०३ आणि ७९५.९९ किलोहर्ट्‌झवर पडतात. काटेकोर पाहिले तर ७९२ हा त्यांचा मध्य नाही, तो १० हर्ट्‌झ खाली आहे. दोन्ही बिंदूंचा गुणाकार करून वर्गमूळ काढले तर ७९२ मिळतात. क्यू शंभराच्या घरात असताना या दहा हर्ट्‌झची पर्वा कोणी करत नाही. क्यू दोन-तीनवर आला की मात्र आलेखाचा एकांगीपणा डोळ्यांना दिसू लागतो.

आता हा परिपथ इतर स्टेशनांचे काय करतो ते पाहता येईल. मुंबई केंद्राच्या मध्यम लहरींच्या वारंवारतांपैकी दोन १०४४ आणि ५५८ किलोहर्ट्‌झ या आहेत. परिपथ ७९२ वर लावलेला असताना १०४४ किलोहर्ट्‌झचे तेवढेच व्होल्टेज कॉइलमध्ये आले, तर त्याचा प्रवाह पुण्याच्या छप्पन्नाव्या हिश्शाइतका होतो. ५५८ चा तर एकाहत्तराव्या. म्हणजे मुंबई पुण्यात मिसळत नाही. पण भारतात मध्यम लहरींची स्टेशने ९-९ किलोहर्ट्‌झच्या अंतराने मांडलेली आहेत. वर दिलेले तिन्ही आकडे ९ ने निःशेष भागले जातात, ते त्यामुळेच. लगतच्या ८०१ किलोहर्ट्‌झवर दुसरे एखादे स्टेशन सारख्याच ताकदीने येत असेल, तर त्याचा प्रवाह फक्त ४० टक्क्यांवर येतो. रात्री दूरदूरची स्टेशने आयनांबरावरून परावर्तित होऊन पोहोचतात, तेव्हा एकाच अनुस्पंदी परिपथावर भागवणाऱ्या रेडिओत एका गाण्याखाली दुसरे गाणे ऐकू येते ते या ४० टक्क्यांमुळे.

मग रोध आणखी कमी करून क्यू वाढवत का नेऊ नये? कारण स्टेशन म्हणजे एकच वारंवारता नव्हे. मध्यम लहरींवर आवाज वाहक लहरीच्या उंचीतल्या चढउतारांनी पाठवला जातो, आणि उंची बदलली की वाहकाच्या दोन्ही अंगांना नव्या वारंवारता उमटतात. १ किलोहर्ट्‌झचा सूर ७९१ आणि ७९३ वर येतो, ५ किलोहर्ट्‌झचा ७८७ आणि ७९७ वर. परिपथाला हे सगळे एकसारखे आत घ्यायला हवे. ८ किलोहर्ट्‌झ बँडविड्थमध्ये १ किलोहर्ट्‌झचा सूर ९७ टक्के शिल्लक राहतो, ५ किलोहर्ट्‌झचा ६२ टक्के. बोलणे कळते, तबल्याचा ठोका समजतो, पण टाळेची किणकिण आणि ‘स’, ‘श’ यांची धार बोथट होते. क्यू दुप्पट करून बँडविड्थ ४ वर आणली, तर ८०१ वरचा शेजारी २२ टक्क्यांपर्यंत खाली येईल, पण ५ किलोहर्ट्‌झचा सूरही ३७ टक्क्यांवर घसरेल. शेजारी घालवायचा तर आवाजातली धार जाते, आणि धार राखायची तर शेजारी राहतो. एका कॉइलने आणि एका कपॅसिटरने यातून सुटका नाही.

हीच गोष्ट काळाच्या अंगानेही पाहता येते, आणि तसे पाहिल्यावर ती अधिक पटते. स्रोत एकाएकी बंद केला तर परिपथातले आंदोलन लगेच थांबत नाही. ते ओसरत जाते. त्याची उंची मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला 2L/R इतका वेळ लागतो. येथे तो ४० मायक्रोसेकंद आहे, म्हणजे जवळपास ३२ आवर्तने. उंची वाढवायलाही तसाच वेळ लागतो. आवाज याच उंचीत भरलेला असल्यामुळे त्यातला जो बदल ४० मायक्रोसेकंदांपेक्षा फार चटकन होतो, त्याचा माग परिपथाला ठेवता येत नाही. या वेळेला 2π ने गुणून त्याने १ ला भागले की ३.९८ किलोहर्ट्‌झ मिळतात, नेमकी बँडविड्थची निम्मी. क्यू जास्त म्हणजे गळती कमी. गळती कमी म्हणजे जुने आंदोलन जास्त काळ रेंगाळणार. आणि जे रेंगाळते ते नव्या बदलाला लवकर जागा देत नाही.

चकती फिरवून दुसऱ्या स्टेशनावर गेले की या तीन राशींचे काय होते? मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झ धरला, तर वारंवारता तिप्पट होते. सूत्रात वर्गमूळ आहे, म्हणून कपॅसिटन्स नऊपट बदलावा लागतो: खालच्या टोकाला सुमारे ४४९ पिकोफॅरड, वरच्या टोकाला ४९. रोध सगळीकडे १० ओहमच राहिला असता, तर बँडविड्थही सगळीकडे ८ किलोहर्ट्‌झच राहिली असती, कारण तिच्या सूत्रात रोध आणि इंडक्टन्स यांखेरीज काही नाही. कपॅसिटर बदलल्याने तिला फरक पडत नाही. पण रोध वारंवारतेबरोबर वाढतो. तो वारंवारतेच्या प्रमाणात वाढला, म्हणजे क्यू साधारण शंभरच राहिला असे धरले, तर बँडविड्थ खालच्या टोकाला ५.३ आणि वरच्या टोकाला १६ किलोहर्ट्‌झ होते. पट्ट्याच्या एका टोकाला आवाज कोंदट, दुसऱ्या टोकाला दोन-दोन स्टेशने एकत्र. जुन्या, थेट ट्यून होणाऱ्या रेडिओंची ही खोड होती आणि तिचे मूळ या साध्या भागाकारात आहे.

कागदावरचा परिपथ आणि हातातला परिपथ यांत दोन ठिकाणी फट पडते. पहिली फट कपॅसिटन्सची. कॉइलच्या वेढ्यावेढ्यांत, जोडतारांत, पुढच्या ट्रान्झिस्टरच्या पायांत मिळून वीसेक पिकोफॅरड सहज लपलेले असतात. ७९२ वर २०२ च्या जागी २२२ पिकोफॅरड झाले, तर अनुस्पंदन ७५५ किलोहर्ट्‌झच्या आसपास सरकते. चुकते, पण फार नाही. वरच्या टोकाला मूळचेच ४९ असताना तेच वीस मिळाले, की १६०२ च्या जागी १३५० च्या सुमारास शिखर येते आणि पट्ट्याचा वरचा तुकडा हाती लागतच नाही. म्हणून रेडिओ जुळवताना कारागीर दोन जागी दोन वेगळ्या गोष्टी हलवतो. ६०० किलोहर्ट्‌झच्या आसपास कांडीवरची कॉइल पुढे-मागे सरकवून इंडक्टन्स ठीक करायचा आणि १४०० च्या आसपास गँगला लावलेला छोटा ट्रिमर पिळून कपॅसिटन्स. एक बदलला की दुसऱ्यावर थोडा परिणाम होतोच, त्यामुळे आलटून-पालटून दोन-तीनदा करावे लागते. शेवटी कॉइल सरकू नये म्हणून तिच्यावर मेणाचा थेंब टाकतात. कांडीवर वाळलेले मेण दिसले आणि ते फुटलेले असले, तर आधी कोणीतरी कॉइल हलवली आहे असे खुशाल समजावे.

दुसरी फट भाराची. कपॅसिटरवरून व्होल्टेज घ्यायचे म्हणजे त्याला काहीतरी जोडायचे, आणि जे जोडले ते ऊर्जा खाते. कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा भार लावला, तर तो वेटोळ्यात एकसरी जवळजवळ १० ओहम घातल्यासारखा वागतो. रिॲक्टन्सच्या वर्गाला भाराने भागले की हा आकडा मिळतो. एवढ्या मोठ्या रोधानेसुद्धा क्यू निम्मा होतो. ट्रान्झिस्टरचा बेस एखाद्या किलोओहमचा असतो. तो थेट जोडला तर क्यू एकाच्या घरात येईल आणि सगळा पट्टा एकदम ऐकू येईल. त्यासाठीच कांडीवर मुख्य कॉइलशेजारी मोजक्या वेढ्यांची दुसरी कॉइल असते आणि बेस तिला जोडतात. व्होल्टेज कमी मिळते, पण बेसचा भार वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने हलका होतो.

बिघाड कुठल्या फटीतला, हे ओळखायला सूत्रे पुरतात. शिखर भलत्या जागी आले असेल, तर इंडक्टन्स किंवा कपॅसिटन्स बदललेला आहे: कांडी तुटली, कॉइल सरकली, गँगची पट्टी वाकली. शिखर जागेवर आहे पण बुटके आणि पसरट झाले आहे, तर रोध वाढला आहे: कच्चा सोल्डर, लिट्झच्या तुटक्या तारा, कुठेतरी ओल किंवा जास्तीचा भार.

टेबलावर हे मोजताना मोजमापच परिपथ बिघडवते. सिग्नल जनरेटरचा स्वतःचा रोध बहुधा ५० ओहम असतो. तो वेटोळ्यात एकसरी आला, की १० चे ६० ओहम होतात, क्यू ९९.५ वरून १६.६ वर येतो आणि बँडविड्थ ४८ किलोहर्ट्‌झ होते. शिखर मात्र ७९२ वरच राहते, त्यामुळे आपले गणित बरोबर आले असे वाटून पुष्कळ वह्यांत चुकीचा क्यू नोंदला जातो. यावर उपाय म्हणजे जनरेटर वेटोळ्यात न घालता त्याला एक-दोन वेढ्यांची तार जोडायची आणि ती कांडीपासून थोडी दूर ठेवायची. तार जवळ आणली की शिखर पसरते, तेव्हा पसरणे थांबेपर्यंत दूर न्यायची. ऑसिलोस्कोपचा साधा प्रोब कपॅसिटरला लावला, तर शंभराच्या आसपास पिकोफॅरडची भर पडते आणि शिखर कुठच्या कुठे जाते. दहापट कमी करणारा प्रोब लावला तरी दहा-पंधरा पिकोफॅरड येतातच. ते गँग थोडा मागे फिरवून भरून काढायचे. मग वारंवारता हळूहळू सरकवत शिखर गाठायचे, त्याच्या ७१ टक्क्यांचे दोन बिंदू टिपायचे आणि त्यांच्या अंतराने शिखराच्या वारंवारतेला भागायचे. आलेला क्यू भाकितापेक्षा कमी असेल, तर त्याच आकड्यावरून परिणामी रोध उलटा काढता येतो. मल्टीमीटर जे सांगू शकला नाही, ते असे कळते.

कपॅसिटरवरचे व्होल्टेज आणि वेटोळ्यातला प्रवाह यांची शिखरे नेमकी एकाच वारंवारतेला येत नाहीत, हेही मोजताना माहीत असावे. कपॅसिटरचा रिॲक्टन्स वारंवारतेबरोबर घटत असल्यामुळे त्याच्यावरचे शिखर जरा अलीकडे सरकते. क्यू शंभर असेल तर हा फरक अवघा २० हर्ट्‌झ. क्यू एक असेल तर ७९२ ऐवजी ५६० किलोहर्ट्‌झ.

स्टेशनागणिक बदलणाऱ्या बँडविड्थवरचा तोडगा परिपथ सुधारून निघाला नाही. तो काम वाटून देऊन निघाला. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये मांडलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीत रेडिओ आतल्या आत एक वारंवारता तयार करतो आणि आलेल्या स्टेशनाशी ती मिसळून दोघांचा फरक घेतो. हा फरक कायम ४५५ किलोहर्ट्‌झ राहील अशी व्यवस्था केलेली असते. ७९२ साठी आतली वारंवारता १२४७. त्यापुढचे अनुस्पंदी परिपथ ४५५ वर एकदाच जुळवून बंद करायचे. रेडिओतल्या चौकोनी पत्र्याच्या डब्या, ज्यांना कारागीर आयएफटी म्हणतात, त्या हेच काम करतात. त्यांची वारंवारता बदलत नाही, म्हणून बँडविड्थही बदलत नाही, आणि असे दोन-तीन परिपथ एकापुढे एक ठेवले की शिखराचा माथा रुंद आणि बाजू उभ्या करता येतात. फेराइटच्या कांडीवरच्या परिपथाकडे मग शेजारचे स्टेशन अडवण्याचे काम उरत नाही. त्याने अडवायची ती १७०२ किलोहर्ट्‌झची लहर, कारण तिचाही १२४७ शी फरक ४५५ च येतो आणि आयएफटीला ती पुण्यापेक्षा वेगळी ओळखता येत नाही. ७९२ वर लावलेला, क्यू ९९.५ असलेला परिपथ ती १६८ पटीने दाबतो. तेथे बँडविड्थ ८ किलोहर्ट्‌झ असली काय आणि १२ असली काय, फारसे बिघडत नाही.